मदत हवी आहे: दिवाळीच्या आठवड्यात आठ दुकानांना माल पुरवायला दोन टेम्पो पुरतील का?

कुपवाडचा_गोदामवाला

नमस्कार मंडळी. आमची किराणा मालाची आठ दुकानं आहेत. मिरज, तासगाव, विटा, जत वगैरे. गोदाम कुपवाड एमआयडीसीत. बंद बॉडीचे १४ फुटी टेम्पो दोन, साडेतीन टनी. जतच्या बाजूला गेलेला टेम्पो दिवसात एकच फेरी करतो, जवळच्या दुकानांचा दोन करतो. म्हणजे दिवसाला तीन आणि आठवड्याला अठरा फेऱ्या.

एरवी आठवड्याला २४ टन माल जातो. दिवाळीच्या आठवड्याचा अंदाज ६० टन आहे. अठरा गुणिले साडेतीन म्हणजे ६३ टन, म्हणून मालक म्हणतात भाड्याची गाडी नको. गेल्या वर्षीही कागदावर असंच पुरत होतं. तरी लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी जतच्या दुकानात पातळ पोहे संपले आणि इथे गोदामात थप्प्या लागलेल्या. हिशोब नेमका कुठे चुकतोय?

ऊसपट्टा_वाळवा

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोवर गाळप सुरू झालेलं असेल. सगळ्या गाड्या उसाला जातात, भाड्याने काही मिळायचं नाही. आत्ताच दोन टेम्पो ठरवून टाका.

मिरज_ट्रान्सपोर्ट

वाळवेकर, ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीत नाहीतर मोठ्या ट्रकात जातो, बंद बॉडीच्या टेम्पोत कोण भरतंय? टेम्पो मिळेल. टंचाई ड्रायव्हर आणि हमालांची होते. शिवाय कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या की दोन फेऱ्यांची दीड होते, हे मात्र खरं.

गोदामवाले, तुम्ही टनात मोजताय, पण फराळाच्या मालात गाडी वजनाआधी जागेने भरते. साखर, तेल साडेतीन टन बसतं. चुरमुरे, पातळ पोहे, आकाशकंदील भरले तर टन-सव्वा टनातच दार लागत नाही. ६० टनांची फोड सांगा.

कुपवाडचा_गोदामवाला

साखर आणि तेल मिळून २३ टन. रवा, मैदा, बेसन, डाळी २५. पोहे, चुरमुरे, कंदील, गिफ्टचे डबे असा हलका माल १२.

मिरज_ट्रान्सपोर्ट

मग फेऱ्यांत मांडा. साखर-तेलाच्या सात. रवा-बेसन तीन टनाने धरलं तर साडेआठ. हलका माल सव्वा टनाने पावणेदहा. बेरीज पंचवीस-सव्वीस, तुमच्याकडे अठरा. आठ फेऱ्या कमी पडतात आणि टनात बघितलं तर उलट तीन टन शिल्लक दिसतात.

माझं मत, गाडी वाढवण्याआधी साखर-तेल तीन आठवडे अगोदर दुकानांत पोचवा. खराब होत नाही, थप्पीला जागाही कमी घेतं. त्या आठवड्यातल्या सात फेऱ्या तिथेच सुटतात. सुरुवात जतपासून करा, कारण जतची एक फेरी म्हणजे एका गाडीचा अख्खा दिवस. उरलेल्या एक-दोन फेऱ्यांपुरतीच बाहेरची गाडी घ्या, पण ड्रायव्हरसकट ठरवा. बेसन मात्र आधी कोंबू नका. दमट जागेत पोरकिडे होतात आणि गिऱ्हाईक पुडा परत आणतं.

कंदीपेढा_सातारा

आमचं साताऱ्यात मिठाईचं दुकान आहे. खवा असा आधी भरून ठेवता येतच नाही, मग आम्ही काय करायचं? आणि स्टॉकसाठी कुठलं सॉफ्टवेअर वापरता तुम्ही?

मिरज_ट्रान्सपोर्ट

पेढेवाले, तुमची अडचण भट्टीची आणि माणसांची आहे, गाडीची नाही. वेगळा धागा काढा.

हिशोबनीस_विटा

एक गोष्ट राहिली. ६० टन हा आकडा गेल्या वर्षीच्या तारखांवरून काढलाय का? २०२५ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. पगार होऊन बरेच दिवस झाले होते, म्हणून खरेदी पसरली. यंदा पगार आणि दिवाळी एकाच आठवड्यात आलेत, तेव्हा गर्दी शेवटच्या पाच-सहा दिवसांत दाटणार. तारीख सोडा, लक्ष्मीपूजनाला किती दिवस उरले ते धरून विक्री लावा. आणि जतला पोहे संपल्यानंतरच्या दोन दिवसांची विक्री शून्य दिसेल. तो आकडा मागणी म्हणून धरू नका, आधीच्या दिवसांवरून भरून काढा.

कुपवाडचा_गोदामवाला

आकडा तारखेवरूनच काढलाय, पुन्हा मांडतो. जतला मागे खोली आहे, साखर-तेल बसेल. मिरजेला जागाच नाही.

मिरज_ट्रान्सपोर्ट

मिरज जवळ आहे, तिथली फेरी रात्री दुकान बंद झाल्यावर मारा. दिवसा बाजारात गाडी उभी करून खाली करण्यातच तास जातो. फक्त हमाल रात्री थांबतील का, ते आधी विचारा.

कुपवाडचा_गोदामवाला

विचारतो. मालकांचा मुद्दा वेगळाच आहे. एवढी साखर आणि तेल तीन आठवडे आधी उचललं तर अठरा-वीस लाख अडकतात, वर तेलाचा भाव मधेच उतरला तर? त्यांना फक्त साखर आधी न्यायचीय. मग चारच फेऱ्या सुटतात आणि उरलेल्या चारांना गाडी लागणारच. तेलाचं कुणी अर्धं-अर्धं करून बघितलंय का?