घरात लग्न निघालं आणि जॉइनिंग पुढे ढकलावं लागलं : तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची
काल कपाट आवरताना ताईच्या लग्नाची पत्रिका सापडली. मागे माझ्याच अक्षरात २, ९ आणि १६ डिसेंबर, पहिल्या दोन तारखा खोडलेल्या. ऑफर घेताना २ ला जॉइन होते म्हणून बसले होते आणि आठवड्यात ताईचं १२ ला ठरलं. मी एचआरला मेल टाकला, घरच्या कारणाने काही दिवस पुढे मिळतील का. कारण नाही, तारीख नाही. दोन दिवस सामसूम. मग मॅनेजरचाच फोन, "नक्की येणार आहात ना?" त्यांना वाटलं मी दुसरी ऑफर पिकवतेय! तेव्हा बोलले, लग्न १२ ला, १६ ला सकाळी हजर, आणि पत्रिकेचा फोटो पाठवला. संध्याकाळी नवीन तारखेचं लेटर आलं. तुमचं काय झालं लिहा.

सातपूरकर
९ का खोडली?

गोदाकाठची
आईने विचारलं, हळदीला ऑफिसमधून येणार का 😄

फाईलवाली_काकू
मी १४ वर्षं एचआरमध्ये आहे, "काही दिवस" वाचलं की आमच्याही पोटात गोळा येतो कारण निम्मे लोक तेवढ्या दिवसांत दुसरीकडे जातात गं. आणि तारीख आम्ही ठरवत नाही, ज्याच्या टीममध्ये जागा आहे तो ठरवतो, म्हणून आधी त्याला फोन करायचा, त्याने हो म्हटलं की त्याच दिवशी "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे १६ ला जॉइन होतो" असा मेल दोघांना. एकदाच मागायचं पण पुरेसं मागायचं, आठवडा मागून परत आठवडा मागितला की गेलं. सुधारित लेटर हातात घ्या, फोनवरच्या हो ला अर्थ नाही. थांबा कुकर झाला

बाइकवाला_भाऊ
ऑफर अ‍ॅक्सेप्ट केली म्हणजे करार झाला, कंपनी रद्द करूच शकत नाही. उगाच घाबरता.

फाईलवाली_काकू
भाऊ, लेटरचं शेवटचं पान वाच. अमुक तारखेला हजर न झाल्यास ऑफर संपुष्टात, असं बहुतेक लेटरांत असतंच. तू सही केलीस ती त्या ओळीवरही केलीस.

बाइकवाला_भाऊ
माझ्यात नव्हती ती ओळ. बघतो परत.

अंबडचा_फिटर
आमच्याकडे हे चाललं नाही. कारखान्यात मेडिकल आणि सेफ्टी ट्रेनिंग महिन्यातून एकदाच, बॅचने. भावाचं लग्न बॅचच्या तिसऱ्या दिवशी. साहेब म्हणाले एकतर आत्ता ये नाहीतर पुढच्या बॅचला. महिनाभर बिनपगारी घरी कोण बसणार, जॉइन झालो, लग्नाच्या दिवसाची बिनपगारी सुट्टी आधीच लिहून घेतली. आदल्या रात्री ड्युटी करून ११ ला हळदीत पोचलो, अंगावर कंपनीचा शर्टच, फोटोत तसाच आहे.

सिडकोची_सून
माझी वेगळीच गंमत. जुन्या कंपनीचा शेवटचा दिवस ३०, नवीन जॉइनिंग पुढे ढकलून १८. मधले १७ दिवस मेडिक्लेम कुठलाच नाही हे डोक्यातच आलं नाही, जुना शेवटच्या दिवशी संपला, नवा जॉइन झाल्यावर. नेमकं १० तारखेला सासूबाई पाय घसरून पडल्या, प्लास्टर, सगळं खिशातून. नंतर कळलं जुन्या साहेबांना विचारलं असतं तर शेवटचा दिवसच पुढे नेला असता, हँडओव्हरला त्यांना माणूस हवाच होता. आधी तिकडे विचारा, मग इकडे मागा.

गोदाकाठची
अगं हे मलाही सुचलं नव्हतं. सासूबाई आता कशा आहेत?

सिडकोची_सून
मस्त, काल मिसळ खायला मखमलाबादला घेऊन गेल्या मला.

रोडवरचा_रवी
नोटीस पिरियड ९० दिवसांचा ६० कसा करायचा कोणी सांगेल का

सातपूरकर
रवी इथे लोक उलट उशिरा जायचं बघताहेत 🙏 गोदाकाठची, लग्न कुठल्या हॉलला होतं? गंगापूर रोडला पार्किंगची बोंब असते, पुतणीसाठी बघतोय

गोदाकाठची
आडगावकडे, मोकळी जागा होती. दादा, पगाराचंही विचारून ठेवा बरं का. १६ ला गेले तरी माझा पहिला पगार जानेवारीचा धरून एकदमच आला, त्यांचा हिशेब १५ ला बंद होत होता. मानपानाच्या खर्चानंतर ते फार टोचलं.

नवखा_२३
लग्नाला तारीख असते. माझ्या बाबांचं ऑपरेशन आहे, डॉक्टर म्हणतात शुगर उतरली की करू. ५ ला जॉइनिंग. काय तारीख सांगू?

फाईलवाली_काकू
अवघड आहे रे. मी असते तर ५ लाच जॉइन झाले असते आणि मॅनेजरला पहिल्याच फोनवर सांगितलं असतं की ऑपरेशनच्या वेळी चार दिवस लागतील. पण प्रोबेशनमध्ये सुट्टी देतात की नाही ते आधी विचार.

सिडकोची_सून
मी काकूंशी सहमत नाही, घरी बाबांजवळ दुसरं कोण आहे त्यावर आहे.

नवखा_२३
आई आहे. पण तिला गाडी येत नाही.

अंबडचा_फिटर
हॉस्पिटल कुठल्या भागात आहे? अंबड-सिडकोकडे असेल तर मी सोडेन, माझी सेकंड शिफ्ट असते.