मदत हवी आहे : गोदामाच्या फायर टँकची क्षमता कशी धरावी?

भिवंडीतल्या एका गोदामाची हायड्रॉलिक डिझाइन नोट करतोय. रॅकवर खोक्यांतला माल, छतावर स्प्रिंकलर. जाणकारांनी जरा हिशेब तपासावा.

260 चौ.मी. क्षेत्रावर मिनिटाला 12 मिमी पाणी धरलंय, म्हणजे 3120 लिटर/मिनिट. पंपाजवळची हेड जास्त दाबामुळे जास्त पाणी ओढतात, म्हणून वर 10 टक्के: 3432. होजसाठी 950 मिळवून 4382. पंप 4550 चा घेतोय. 90 मिनिटांना साधारण 394 घनमीटर साठा लागतो. पालिकेच्या पाण्याची आवक शून्य धरलीय. आग लागेल तेव्हा नळाला पाणी असेलच, हे कोण सांगणार?

गाडी अडलीय टाकीवर. आर्किटेक्टची टाकी 12 × 9 × 4 मीटर, म्हणून तो ‘432 आहे की, झालं!’ म्हणतो. पण वर 0.3 मीटर मोकळं आणि सक्शनखाली 0.4 मीटर न उपसता येणारं पाणी वजा केलं, तर उरतात 356 घनमीटर. जेमतेम 81 मिनिटं. सक्शन खड्डा करून तळाचं 0.1 वर आणलं तरी 389 च होतात.

दोन प्रश्न. व्होर्टेक्स प्लेट लावली तर तळाची उंची तुम्ही किती धरता? आणि साठा मागणीवर काढावा की पंपाच्या 4550 वर, म्हणजे 410 घनमीटर? मला दुसरं पटतं, पण मालक खर्चाला कुरकुरतोय.