शब्दचर्चा: ‘स्वसदिश’ की ‘स्वदिशा’?

वैशाली, सातारा
डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. आयगेन व्हॅल्यूला ‘स्वमूल्य’ आणि आयगेन व्हेक्टरला ‘स्वसदिश’ लिहिलं, आणि दुसऱ्याच शब्दावर अडले. गणित असं होतं: एका २×२ मॅट्रिक्सची स्वमूल्यं २ आणि ३, त्यांचे सदिश अनुक्रमे (१, १) आणि (२, ३). मॅट्रिक्स शोधा. एका मुलीने (२, ३) ऐवजी (४, ६) घेतला आणि घाबरून विचारलं, “मॅडम, आता उत्तर दुप्पट येणार का?” मुलांना सदिश म्हटलं की लांबी आलीच असं वाटतं. मग ‘स्वदिशा’ का म्हणू नये?

बाळासाहेब, सांगली
मी हळदीच्या व्यापारातला. ‘मूल्य’ हा शब्दच मला खटकतो. शाळेत आम्ही ‘क्ष ची किंमत काढा’ म्हणायचो. आणि ‘स्वमूल्य’ म्हटलं की माणसाने स्वतःची किंमत ओळखावी, असलं काहीतरी वाटतं. इथे ‘स्व’ कुणाचा?

देशपांडे सर, सांगली
‘स्व’ त्या मॅट्रिक्सचा, बाळासाहेब. जर्मनमध्ये ‘आयगेन’ म्हणजे स्वतःचा, आणि गणितात हा शब्द डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०४ च्या सुमारास रुळवला. मॅट्रिक्स बहुतेक सदिशांना वळवते, पण काही सदिश तिच्या हातून वळत नाहीत, फक्त ताणले जातात. ते तिचे स्वतःचे. ताण किती पट, ते स्वमूल्य.

वैशालीताई, त्या मुलीला सूत्र न देता एवढंच सांगा: मॅट्रिक्स (१, १) ला (२, २) वर नेते आणि (२, ३) ला (६, ९) वर नेते. (२, ३) मधून (१, १) ची दुप्पट वजा केली की (०, १) उरतो. म्हणून (६, ९) मधून (४, ४) वजा करा, (२, ५) मिळतो. हा झाला दुसरा स्तंभ. (१, १) मधून (०, १) वजा केला की (१, ०) उरतो, म्हणून पहिला स्तंभ (२, २) वजा (२, ५), म्हणजे (०, −३).

```
A = [  0  2 ]
    [ -3  5 ]
```

आता (४, ६) घ्या. तो (१२, १८) वर जातो. दोन्हीकडे दोनने भागा, पुन्हा (२, ३) आणि (६, ९) च. उत्तर हलत नाही. तुमचा ‘स्वदिशा’ मला म्हणूनच पटतो.

ओंकार, कराड
सर, एवढं कशाला? कर्णाची बेरीज ०+५=५, म्हणजे २+३. निश्चयक ०×५ − २×(−३) = ६, म्हणजे २×३. दोन्ही जुळलं की उत्तर बरोबर. मी परीक्षेत असंच तपासतो.

देशपांडे सर, सांगली
ओंकार, न जुळलं तर चूक नक्की, हे खरं. पण जुळलं म्हणजे बरोबर, असं नाही. सदिश स्तंभांत मांडून P केली, स्वमूल्यं कर्णावर ठेवून D केली, तर A = P D P⁻¹. मुलं घाईत क्रम उलटवतात:

```
P^-1 D P = [ 0  -6 ]
           [ 1   5 ]
```

हिचीही बेरीज ५, निश्चयक ६. पण (१, १) ला लावून बघ: (−६, ६) येतं, (२, २) नाही. खरी परीक्षा सदिशांवर, आणि दोन्ही सदिशांवर. क्रम लक्षात ठेवायचा तर उजवीकडून वाच: आधी P⁻¹ आपल्या अक्षांतून स्वदिशांच्या भाषेत नेतो, मग D ताणतो, मग P परत आणतो.

ओंकार, कराड
पटलं सर. स्वमूल्यं तीच, पण दिशा वेगळ्या. म्हणजे मी आजवर अर्धंच तपासत होतो.

रेश्मा, मिरज
माझ्या असाइनमेंटमध्ये ३ चा सदिश (१, २) आणि ५ चा (२, ४) दिलाय. P चा निश्चयक शून्य येतोय, इनव्हर्स निघत नाही. माझं चुकतंय का?

वैशाली, सातारा
तुझं नाही गं, प्रश्नच चुकलाय. (१, २) आणि (२, ४) ची दिशा एकच. तीच दिशा एकदा तिप्पट आणि एकदा पाचपट ताणली जाईल कशी? अशी मॅट्रिक्सच नाही. बघ, ‘स्वदिशा’ शब्द असता तर एकच दिशा दोनदा दिलीय हे वाचताक्षणी दिसलं असतं.

देशपांडे सर, सांगली
एक शंका मात्र माझ्या मनातून जात नाही. स्वमूल्य −२ असेल तर सदिश उलटा होतो. मराठीत उलट वळलेल्याला आपण ‘दिशा बदलली’ असंच म्हणतो. मग ती ‘स्वदिशा’ कशी? खरं तर टिकते ती रेषा.

बाळासाहेब, सांगली
मग ‘स्वरेषा’ म्हणा की.

वैशाली, सातारा
‘स्वरेषा’ म्हटलं की मुलं मला त्या रेषेवरचा कुठला बिंदू घ्यायचा ते विचारणार, आणि शून्य सदिशसुद्धा घेतील. तोही त्याच रेषेवर आहे ना. सध्या टिपणात ‘स्वसदिश’ ठेवते आणि खाली ‘लांबी कितीही, पण शून्य नको’ असं लिहिते. ऋण स्वमूल्यासाठी कुणाला बरा शब्द सुचला तर सांगा.