मदत हवी आहे: डी मध्ये टाकल्यावर गाडी चार सेकंदांनी उचलते, डिपस्टिकवर तेल मात्र फुल दिसतंय

कपाशीवाला

नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात राहतो. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबवत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी जुनी ऑटोमॅटिक घेतली. 2012 ची पेट्रोल सेदान, चार गिअरची, 1 लाख 12 हजार किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा आहे असं मला म्हणायचं नाही.

दिवाळीपासून त्रास सुरू झालाय. सकाळी गाडी सुरू करून डी मध्ये टाकली की काहीच होत नाही. तीन-चार सेकंद गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी उभी राहते, मग धक्का देऊन उचलते. यवतमाळकडे जाताना चढावर कधी कधी इंजिनचा आवाज एकदम वाढतो, पण गाडी ओढत नाही. वळणावर हे जास्त होतं. गिअरबॉक्सचं तेल मी स्वतः रोज सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, डिपस्टिक पुसून बघतो. वरच्या खुणेच्याही थोडं वर आहे. म्हणजे तेल कमी नाही.

एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उघडावा लागेल, पंच्याऐंशी हजार येतील असं सांगितलं. दुसरा म्हणतो सोलेनॉइड, म्हणजे आतला विजेवर चालणारा तेलाचा वॉल्व्ह गेला. बाबांना दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यावं लागतं आणि घरात दुसरं कोणी गाडी चालवत नाही. कापूस अजून विकला नाही. नेमकं कुठून सुरुवात करू?

वणीकर

सोलेनॉइडच आहे. माझ्या साडूच्या गाडीला हेच झालं होतं, सोलेनॉइड बदलला आणि गाडी नव्यासारखी झाली. तेल फुल आहे म्हणता, मग दुसरं राहिलंच काय? आणि थोडं टाकायचं झालंच तर पॉवर स्टीअरिंगचं लाल तेल टाका, दोन्ही एकच असतं. आमच्याकडे सगळे तेच टाकतात.

मोर्शीवाला

भाऊ, मायाही गाडीले असंच व्हायचं. सिग्नलवर उभी केली का उचलतच नव्हती, न्यूट्रलमध्ये जाऊन पडे. शोरूमवाल्यानं क्लचची प्लेट बदलून देल्ली अन् काम्प्युटरवर सेटिंग केली. आता मस्त चालते. तुम्हीबी क्लच प्लेट पाहून घ्या, उगाच तेलाच्या मागं लागू नका.

गिअरपेटी

मोर्शीवाले भाऊ, तुमची गाडी एएमटी असणार. तिच्यात साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते, फक्त पायाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा क्लच दाबते. कपाशीवाल्यांची टॉर्क कन्व्हर्टरची आहे, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे जातो. त्यात तशी एकच प्लेट बदलून भागत नाही. बाजारात दोन्हींना ऑटोमॅटिकच म्हणतात, म्हणून हा घोळ होतो.

कपाशीवाले, मी वीस वर्षं नागपुरात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच उघडतोय. उघडायच्या आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. आर मध्ये टाकल्यावरही उशीर होतो का, की फक्त डी मध्येच?

कपाशीवाला

आर कडे कधी लक्ष दिलं नव्हतं, आज पाहिलं. आर मध्येही तीनेक सेकंद लागतात. मागे जाताना मी ब्रेकवरून पाय सावकाश काढतो, म्हणून जाणवलं नसेल.

गिअरपेटी

मग सोलेनॉइड मनातून जरा मागे सारा. डी साठी आतला एक क्लच धरतो, आर साठी दुसरेच क्लच आणि ब्रेक धरतात. दोन्हीकडे सारखाच उशीर होत असेल तर दोघांना लागणारी गोष्ट कमी पडतेय, आणि ती म्हणजे तेलाचा दाब. दाब कमी पडायचं पहिलं कारण तेल कमी असणं, त्यानंतर चोंदलेली गाळणी, मग झिजलेला पंप. गिअर बदलणारा एखादा सोलेनॉइड बिघडला तर बहुतेक एखादा गिअर मिळत नाही किंवा गाडी तिसऱ्यातच अडकून सुस्त निघते. दाब सांभाळणारा सोलेनॉइड वेगळा असतो. त्याची वायर तुटली तर बहुतेक गाड्यांत दाब कमी होत नाही, उलट जास्तीत जास्त होतो आणि प्रत्येक गिअर आदळत पडतो. तो कचऱ्याने अडकला तर मात्र दाब कमी पडू शकतो, म्हणून त्याला यादीतून काढत नाही.

आता तुमच्या डिपस्टिकचं. तुम्ही इंजिन बंद असताना मोजता, तीच चूक होतेय. रात्रभर उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधलं आणि वॉल्व्ह बॉडीतलं तेल उतरून खालच्या पॅनमध्ये येतं, त्यामुळे काडीवर फुलच्या वर दिसतं. इंजिन सुरू झालं की पंप तेच तेल वर खेचतो आणि पॅनमध्ये काय उरतं ते तुम्ही कधी पाहिलेलंच नाही. वळणावर आणि चढावर घसरते म्हणता, तेही याच्याशी जुळतं. उरलेलं तेल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो.

असं करा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून या, गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा. इंजिन सुरूच ठेवून, ब्रेक दाबून, लिव्हर पी पासून शेवटपर्यंत प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत न्या आणि परत पी मध्ये आणा. इंजिन चालू असतानाच काडी काढा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा आणि गरम असतानाची खूण वाचा. गिअरबॉक्सची काडी बऱ्याच गाड्यांत इंजिन ऑइलच्या काडीहून खोल आणि वेगळ्या जागी असते, चुकून तीच पाहू नका.

वणीकर

पण माझ्या मामेभावाच्या गाडीच्या पुस्तकात इंजिन बंद करूनच बघायला लिहिलंय. मी स्वतः वाचलंय.

गिअरपेटी

तेही खरं आहे. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत गाडी गरम करून, इंजिन बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आतच बघायचं असतं. काही गाड्यांत लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून बघतात. म्हणून पुस्तक आधी. पण रात्रभर थंड झालेल्या गाडीवर, इंजिन बंद असताना घेतलेलं वाचन बहुतेक पुस्तकांत धरत नाहीत.

पॉवर स्टीअरिंगच्या तेलाचं अर्धंच बरोबर. काही कंपन्या स्टीअरिंगलाही एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल वापरतात, त्यामुळे ते लाल दिसतं. पण रंग बघून टाकायचं नसतं. पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच डब्यावर हवा, नाहीतर आतल्या क्लचची पकड बदलते.

कपाशीवाला

पुस्तकात गाडी सुरू ठेवून बघा असंच लिहिलंय. काल सांगितलं तसं मोजलं आणि हादरलोच. काडीचं फक्त टोक ओलं झालं, खालच्या खुणेलाही तेल लागलं नाही. सकाळी फुल, संध्याकाळी रिकामी! रंग तपकिरी लाल आहे, जळका वास येत नाही.

मग हे गेलं कुठं? गाडीखाली एक डाग दिसत नाही.

आर्वीची शिक्षिका

दादा, गाडी अंगणात मातीवर उभी करता का? आपल्या काळ्या मातीत थेंब पडला की जिरतो, डाग कुठला दिसायला. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका, चार कोपऱ्यांवर दगड ठेवा आणि पुढची बाजू कुठली ते लिहून ठेवा.

आणि रेडिएटरकडेही बघा. माझ्या गाडीत कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलं होतं. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतच असते, ती गंजून पाणी गिअरबॉक्समध्ये गेलं. काडीवरचं तेल गुलाबी दुधासारखं झालं होतं. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, मी तशीच महिनाभर शाळेत ये-जा करत राहिले आणि पूर्ण गिअरबॉक्स गमावला. तुमचं दुधाळ नाही हे वाचून बरं वाटलं.

गिअरपेटी

ताईंनी पुठ्ठ्याचं फार उपयोगी सांगितलं. तेल पाव-पाव लिटरच टाका, दर वेळी लिव्हर फिरवून परत मोजा. एकदम लिटरभर ओतू नका. जास्त झालं तर आतले फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो आणि फेसात दाब धरत नाही. मग कमी तेलासारखीच लक्षणं दिसतात आणि माणूस आणखी तेल टाकत बसतो.

भरल्यावर वेळही मोजा. गाडी गरम, हँडब्रेक, पाय ब्रेकवर, एसी बंद. न्यूट्रलमधून डी मध्ये टाका आणि गाडीला हलका हिसका जाणवेपर्यंत मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. मध्ये एकेक मिनिट थांबून तीनदा करा. तसंच आर चं. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये डी ला 1.2 सेकंदांहून कमी आणि आर ला 1.5 सेकंदांहून कमी अशी मर्यादा आहे. तुमच्या गाडीचा आकडा थोडा वेगळा असेल, पण अंदाज येईल.

कपाशीवाला

चार दिवसांनी लिहितोय. पुठ्ठ्यावर उजव्या पुढच्या कोपऱ्यात लाल थेंब सापडले. रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी नळीची क्लॅम्प सैल होती आणि नळीला टोकाशी चीर गेली होती. नळी आणि क्लॅम्प बदलून घेतले. तेल पाव-पाव करत पाऊण लिटर लागलं.

गरम गाडीवर डी ला सरासरी 1 सेकंद, आर ला 1.3. बाबांना घेऊन दवाखान्यात जाऊन आलो, चढावर एकदाही घसरली नाही. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

दोन गोष्टी मात्र राहिल्यात. रात्रभर उभी राहिली की पहिल्यांदा टाकताना अजून दोनेक सेकंद लागतात. आणि गाडी चांगली गरम झाल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना कधी तरी आवाज चढतो, मग गिअर पडतो. माझ्या ब्लूटूथ स्कॅनरवर `P0700` येतंय.

वणीकर

बघा, सोलेनॉइड म्हणालो होतो.

गिअरपेटी

असू शकतं, वणीकर. हा त्रास एकाच बदलापुरता आहे, त्यामुळे इथं तुमचा संशय योग्य जागी आहे.

`P0700` म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने इंजिनच्या कंट्रोलरला दिलेला नुसता निरोप, की माझ्याकडे काही नोंद आहे. खरा कोड गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये असतो आणि स्वस्त स्कॅनर तिथपर्यंत जात नाही.

कपाशीवाला

यवतमाळला एका इलेक्ट्रिशियनकडे मोठा स्कॅनर होता. त्यावर `P0750` निघाला. त्याने गिअरबॉक्सच्या कनेक्टरवर मीटर लावला. थंड असताना दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड 13 ओहमच्या आसपास. गरम झाल्यावर एक 14 दाखवतो, दुसरा कधी 14, कधी काहीच नाही.

गिअरपेटी

अशा बऱ्याच जुन्या चार गिअरच्या गाड्यांत 11 ते 15 ओहम असतो, म्हणजे थंडपणी दोन्ही ठीक. `P0750` हा शिफ्ट सोलेनॉइड ए चा कोड आहे, गरमपणी तुटतोय तो ए च असेल तर कोडशी जुळतं. पण लगेच विकत घेऊ नका. पॅन काढून थेट सोलेनॉइडच्या पिनवर, गरम असतानाच मोजून घ्या. तिथं आकडा स्थिर राहिला तर आतली वायर किंवा कनेक्टरची पिन सैल आहे, आणि ते काम फार कमी पैशात होतं. तिथंही तुटला तर कॉइल गेली. तेल भाजेल इतकं गरम असतं, हे काम अनुभवी माणसाकडूनच करवा.

पॅन निघेलच तर गाळणी बदला आणि चुंबकावर काय आहे त्याचा फोटो टाका. राखाडी लगदा चालतो, चकचकीत तुकडे दिसले तर मला काळजी वाटेल. सकाळच्या दोन सेकंदांचं आत्ता नक्की सांगता येत नाही. कन्व्हर्टर रिकामा होत असेल किंवा क्लचची रबरी सील कडक झाली असेल.

आर्वीची शिक्षिका

मग तेल सगळंच बदलायचं का? माझा मिस्त्री म्हणायचा, जुन्या गाडीचं तेल बदललं की ती जास्तच घसरते.

गिअरपेटी

मशीन लावून दाबाने फ्लश करणं मी जुन्या गाडीला टाळतो, पण माझे काही जोडीदार करतात आणि त्यांच्या गाड्या चालतात. पॅनमधून साधारण अर्धंच तेल निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. जितकं निघेल तितकं मोजून तेवढंच नवीन घालावं, एवढंच मी करतो.

कपाशीवाला

बुधवारी पॅन काढायचं ठरलंय. इलेक्ट्रिशियनला मीटर घेऊन बोलावलंय. पुठ्ठा रोज टाकतोय, काल रात्री कोरडा होता. फोटो टाकतो.