मदत हवी आहे: पिवळ्या भिंतीवरच्या सावलीला कोणता रंग द्यायचा?

सोलापुरातल्या एका शिकाऊ चित्रकार मुलीची लघुकथा लिहितेय. दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्या चादरीच्या चुण्यांमधली सावली तिनं काळा-पांढरा मिसळून करडी रंगवलीय. सर तिला कागदाची सुरळी देतात, "यातून नुसती सावली बघ." सावली चक्क निळसर दिसते, कारण तिथं ऊन पोचत नाही, आभाळाचा उजेड मात्र पोचतो. शेजारच्या लाल चादरीकडे तीच सावली जांभळट होते.

इथवर जमलंय. पुढे ती पिवळ्या भिंतीवरच्या सावलीतही निळा ओतते आणि ती हिरवट, मेलेली दिसते. पोस्टर कलर वापरणाऱ्यांनो, सर इथं काय मिसळायला सांगतील? मी पिवळ्या मातकट रंगात बर्न्ट सिएना आणि किंचित अल्ट्रामरीन घालून पाहिलं, बरं वाटलं. संध्याकाळच्या उन्हात तेच चालेल का?