बाबांच्या स्मार्टवॉचची काच तडकली आहे : दुरुस्ती, नवीन की तसंच वापरायचं?

मृणाल_कोथरूड
गेल्या गुरुवारी पीएमटीतून उतरताना बाबांचं घड्याळ दाराच्या दांड्यावर आपटलं. खालच्या डाव्या कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा निघून मध्यापर्यंत गेलाय. डिस्प्ले चालू आहे, ठोकेही मोजतंय. दोन वर्षांपूर्वी 18,500 ला घेतलं होतं.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात नुसती काच बदलत नाही, पूर्ण डिस्प्ले बदलायचा, 8,400 रुपये. तपकीर गल्लीतल्या दुकानात फक्त काचेचे 2,600 सांगितले. याच प्रकारचं नवीन साधारण 17 हजारांना आहे.

बाबा 68 वर्षांचे आहेत. रोज पहाटे एकटे पर्वती चढतात. पडले तर घड्याळातून मला फोन येतो, त्यामुळे ते काढायला तयार नाहीत आणि मलाही ते हातात हवंच आहे. दुरुस्ती होईपर्यंत घालणं सुरक्षित आहे का? आणि 2,600 वाला पर्याय खरा की फसवा?

निवांत_नाना
काही होत नाही हो. पाण्यात चालणारं घड्याळ आहे ना? तड्यावर फेव्हिक्विक सोडा, वर स्क्रीनगार्ड लावा. माझं वर्षभर चाललंय.

सोल्डर_आणि_चहा
नाना, स्क्रीनगार्डचं पटलं, फेव्हिक्विक नको. त्याच्या वाफेने काचेवर पांढरट डाग धरतो आणि पुढे काच सोडवताना त्रास होतो. शिवाय पाणी न शिरण्याची हमी काच अखंड असेपर्यंतचीच. पाऊस तर आहेच, पण घाम जास्त वाईट, कारण खारट ओल आत बोर्डावर बसली की गंज हळूहळू चढतो आणि घड्याळ महिन्याभराने अचानक बंद पडतं.

मृणालताई, आधी तडा किती खोल आहे ते बघा. नख अलगद आडवं फिरवा. अडकलं तर वरची काच फुटली आहे. स्क्रीनगार्ड आधीपासून असेल तर मात्र तो काढून बघा, कधी तडा फक्त त्यालाच असतो.

मग घड्याळातला कॅल्क्युलेटर उघडून एकेक आकडा दाबा. तुमच्या बाबतीत हे सगळ्यात महत्त्वाचं. माणूस पडला की घड्याळ आधी स्क्रीनवर विचारतं, ठीक आहात का? उत्तर नाही मिळालं तरच फोन लावतं. टचचा एखादा पट्टा मेला असेल तर बाबांना ते बटण दाबता येणार नाही. उलट ओल शिरून टच आपोआप दाबला जायला लागला, तर खरोखर पडल्यावरही सूचना परस्पर बंद होऊ शकते.

प्राची_आई
माझ्या घड्याळाच्या पट्ट्याखाली लाल पुरळ आलंय, ते घामामुळेच असेल का? सेन्सरची काच फुटलेली नाही.

सोल्डर_आणि_चहा
प्राचीताई, ते बहुतेक पट्ट्याखाली अडकलेला घाम आणि साबण. रात्री काढून ठेवून बघा. पुरळ वाढलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता 2,600 बद्दल. फसवं नाही, पण जोखमीचं आहे. काच डिस्प्लेला पारदर्शक गोंदाने चिकटलेली असते. दुकानदार ती गरम करतो, बारीक तारेने सोडवतो आणि नवीन बसवतो. तार जरा खोल गेली की खालचं पॅनेल जातं, मग "साहेब, डिस्प्लेच गेला" ऐकायला मिळतं. म्हणून घड्याळ देण्याआधीच विचारा : काढताना पॅनेल गेलं तर खर्च कोणाचा? आणि कडेचं सील नवीन लावणार का? सर्व्हिस सेंटरलाही विचारा, दुरुस्तीनंतर पाण्याची चाचणी करता का आणि वॉरंटी किती. मी असतो तर 8,400 भरले असते, पण बॅटरी अजून दिवसभर टिकत असेल तरच.

निवांत_नाना
दोन वर्षांच्या घड्याळावर 8,400? म्हणजे नवीनच्या अर्धी किंमत. त्यापेक्षा साधं नवीन घ्या.

सोल्डर_आणि_चहा
साध्यात पडल्याची सूचना नसते नाना, तीच तर हवी आहे. आणखी एक : काच एका बाजूने किंचित वर उचललेली दिसली तर तो फक्त तडा नाही, आत बॅटरी फुगलेली असू शकते. मग चार्ज करू नका, हातातून काढाच.

मृणाल_कोथरूड
बघितलं. नख अडकतंय. कॅल्क्युलेटरवर 1 उमटतच नाही आणि 4 दोनदा दाबावा लागतो. कड मात्र सपाट आहे, उचललेली नाही. बॅटरी अजून दीड दिवस जाते.

कपचे बोटाला लागू नयेत म्हणून पातळ फिल्म लावली आहे. हात धुताना आणि अंघोळीला काढायचं असं बाबांनी कबूल केलंय. पर्वतीला दुरुस्ती होईपर्यंत शेजारचे काका सोबत जातील, फोन बाबांच्या खिशात. शनिवारी सर्व्हिस सेंटरला जाते. तिथे किती दिवस ठेवून घेतात, कोणाला अनुभव आहे का?