भाडेकरू बदलताना डीप क्लिनिंग: काम झालं की नाही, कसं ओळखायचं?

नाशिकचा_मालक: वाकडला माझा टू बीएचके आहे. करार संपला, जुने भाडेकरू गेले, नवे १ तारखेला येणार. सफाईवाले पाच तास राबले, फरशा चकाचक दिसल्या म्हणून मी पैसे देऊन नाशिकला परतलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर बाथरूमच्या टाइल्सवर तोच पांढरा थर, आणि ट्रॉल्यांमागे झुरळांची घाण. ते म्हणतात, टाइल्सच खराब आहेत आणि ट्रॉल्या काढायचं ठरलंच नव्हतं. मग डीप क्लिनिंगमध्ये येतं तरी काय?

बोअरचं_पाणी: क्षार आहेत हो. ॲसिड मारा, दहा मिनिटांत टाइल्स नव्या.

चावीवाली_ताई: ॲसिडने क्षार जातात, पण टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही खाल्लं जातं आणि नळांची चकाकी जाते. आणि चुकूनही ब्लीचसोबत वापरू नका, विषारी वायू तयार होतो.

मी परदेशी मालकांचे फ्लॅट सांभाळते. तुमची फसगत ओल्या टाइल्समुळे झाली. ओलेपणात क्षारांचा थर दिसतच नाही, वाळल्यावर वर येतो. म्हणून मी सकाळी सफाई करून घेते आणि तपासायला दुसऱ्या दिवशी जाते. निम्मे पैसे तोवर हातात ठेवते. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका मारायचा, थर लगेच उठून दिसतो.

टाइल खरंच गेली का, तेही बघता येतं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं वीस मिनिटं लावून ठेवा. नखाने खरवडून थर निघाला तर सफाई अर्धवट झालीय. डाग राहिला आणि बोटाला खरखरीत लागलं तर वरची चकाकीच गेलीय, मग कोणी कितीही घासो.

ट्रॉल्यांचं मात्र त्यांचं बरोबर असू शकतं. 'डीप' म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं. ट्रॉल्या बाहेर काढून मागची भिंत, चिमणीच्या जाळ्या, खिडक्यांचे चॅनल, पंख्यांची पाती वरून, मोरीच्या जाळीखालचं भांडं, हे सगळं आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. भिंतींवरचे डाग आणि पेस्ट कंट्रोल सहसा त्यात नसतं. झुरळांची जेल सफाईनंतरच लावा, नाहीतर ती पुसली जाते.

डिपॉझिट_अडकलंय: माझ्या घरमालकाने सफाईच्या नावाखाली डिपॉझिटमधून पैसे कापलेत. परत मिळतील का?

चावीवाली_ताई: दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा. करारात सफाईबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

नाशिकचा_मालक: काकूंनी फडकं लावून बघितलं. खालच्या चार ओळींचा थर नखाने निघाला, शॉवरजवळच्या मात्र खरखरीत आहेत. म्हणजे दोघांचंही थोडं खरं! सफाईवाले ट्रॉल्यांचे जादा पैसे मागताहेत आणि खालच्या टाइल्सबद्दल गप्प आहेत.

बोअरचं_पाणी: शॉवरजवळ आधी कोणीतरी ॲसिडच मारलं असेल.

चावीवाली_ताई: असेलही. पण ते कोणी मारलं हे आता कसं कळणार? सफाईआधीचे फोटो आहेत का तुमच्याकडे?

नाशिकचा_मालक: हॉलचे आहेत. बाथरूमचा एकही नाही.